दोन वजनं, दोन स्प्रिंगा आणि एक मॅट्रिक्स: प्रकल्प नोंदी

४ जून

प्रोजेक्टचा विषय फायनल झाला. भिंतीला एक स्प्रिंग, तिला ३ किलोचं वजन, त्याला दुसरी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला १ किलोचं वजन, सगळं आडवं, घर्षण नाही असं धरलंय. पहिली स्प्रिंग ६ न्यूटन प्रति मीटर, दुसरी १.५. हे आकडे मुद्दाम निवडलेत, कारण वजनं आणि स्प्रिंगा काहीही घेतल्या तर शेवटी वर्गमुळात वर्गमूळ असली भानगड येते आणि हातानं करताना मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. यात फ्रिक्वेन्सी छान सुटतात, बघूच पुढे.

पहिल्या वजनाचं सरकणं x1, दुसऱ्याचं x2, दोन्ही आपापल्या विश्रांतीच्या जागेपासून मोजलेली. मधली स्प्रिंग किती ताणली ते x2 - x1 वर ठरतं आणि ती दोघांनाही ओढते, एकाला इकडे एकाला तिकडे. इथंच दोन समीकरणं एकमेकांत अडकतात:

```
3·x1'' = -6·x1 + 1.5·(x2 - x1)
1·x2'' = -1.5·(x2 - x1)
```

एलिमिनेशन करून चौथ्या ऑर्डरचं एकच समीकरण काढता येतं, पण मग x1'''(0) वगैरे सुरुवातीच्या किमती आपल्यालाच शोधत बसायला लागतात. लाप्लासमध्ये ती कटकट नाही, जे माहितीये (जागा आणि वेग) तेवढंच आत जातं. म्हणून लाप्लास.

५ जून

ट्रान्सफॉर्म घेतला. x'' चा ट्रान्सफॉर्म s²X - s·x(0) - x'(0). X असलेलं सगळं डावीकडे ठेवलं आणि सुरुवातीच्या किमती उजवीकडे ढकलल्या की असं दिसतं:

```
| 3s²+7.5    -1.5    | |X1|   | 3·(s·x1(0) + x1'(0)) |
|  -1.5     s²+1.5   | |X2| = | 1·(s·x2(0) + x2'(0)) |
```

डावीकडच्या मॅट्रिक्सला Z म्हणतोय, म्हणजे s²M + K. 7.5 हे 6 + 1.5 आहे, कारण पहिल्या वजनाला दोन्ही स्प्रिंगा लागतात. Z तिरक्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी यायलाच हवी, ते -1.5 दोन्हीकडे एकच दिसले नाहीत तर समीकरण मांडतानाच कुठेतरी चिन्ह चुकलंय असं समजायचं.

पार्टनरने विचारलं, "उजवीकडे तो ३ कशाला? सुरुवातीची जागा तर जागा आहे, वजनाचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण s²X आणि s·x(0) हे एकाच x'' मधून निघालेत आणि त्या x'' ला बाहेरून ३ ने गुणलंय, मग तो ३ दोघांनाही लागणारच. आधीच प्रत्येक समीकरण आपापल्या वजनाने भागून घेतलं तर हा ३ उजवीकडून जातो, पण मग Z सममित राहत नाही आणि वर सांगितलेली चिन्हाची तपासणी हातची जाते. मी भागत नाहीये.

७ जून

आज इन्व्हर्स. दोन बाय दोन असल्यामुळे सोपंय, तिरक्या रेषेवरचे दोघे अदलाबदल, बाकी दोघांची चिन्हं उलटी, आणि सगळ्याला डिटर्मिनंटने भागायचं. डिटर्मिनंट:

```
(3s²+7.5)(s²+1.5) - 1.5²  =  3s⁴ + 12s² + 9  =  3(s²+1)(s²+3)
```

ह्यासाठीच ते आकडे घेतले होते. मग

```
            1           | s²+1.5     1.5    |
Z⁻¹ = --------------- · |                   |
      3(s²+1)(s²+3)     |  1.5     3s²+7.5  |
```

इथं थोडं थांबून बघण्यासारखं आहे. चारही खान्यांना खाली छेद एकच. म्हणजे कुठल्या वजनाला ढकला आणि कुठल्याची हालचाल बघा, उत्तरात फ्रिक्वेन्सी त्याच दोन असणार, १ आणि √३ रेडियन प्रति सेकंद (आवर्तनकाळ साधारण ६.२८ आणि ३.६३ सेकंद). फरक पडतो तो वरच्या अंशात. छेद सांगतो कुठल्या फ्रिक्वेन्सी, अंश सांगतो कोणाच्या वाट्याला किती. बरेच जण छेदाचे फॅक्टर काढले की काम झालं असं समजतात आणि अंश म्हणजे नुसती आकडेमोड धरतात, माझ्या मते खरी माहिती सगळी अंशातच आहे. पुढच्या नोंदींत तेच येणार आहे.

√३ अपरिमेय असल्यामुळे दोन आवर्तनकाळ कधीच एकत्र जुळत नाहीत, त्यामुळे दोन्ही फ्रिक्वेन्सी मिसळलेली हालचाल कधीच तंतोतंत परत येत नाही. ग्राफ काढला तर हे डोळ्यांनाही दिसतं.

८ जून

एक केस पूर्ण सोडवली. पहिलं वजन शून्यावर धरून ठेवलं, दुसरं ४ सेंटीमीटर ओढलं, आणि दोन्ही एकदम सोडले. वेग शून्य. उजवी बाजू (0, 4s), सेंटीमीटरमध्ये. तर

```
X1 = 1.5·4s / (3(s²+1)(s²+3))        = 2s / ((s²+1)(s²+3))
X2 = (3s²+7.5)·4s / (3(s²+1)(s²+3))  = s(4s²+10) / ((s²+1)(s²+3))
```

पार्शल फ्रॅक्शनसाठी As+B, Cs+D मांडून चार समीकरणं सोडवत बसायची इथे गरज नाही. वेग शून्य असल्यामुळे एक s बाहेर निघतो आणि उरलेलं सगळं s² मध्येच आहे. s² = u म्हणायचं, मग साधे एकेरी फॅक्टर, झाकून काढायची पद्धत चालते. X1 साठी 2/((u+1)(u+3)), u = -1 ला 2/2 = 1, u = -3 ला 2/(-2) = -1. X2 साठी u = -1 ला (−4+10)/2 = 3 आणि u = -3 ला (−12+10)/(−2) = 1. s/(s²+1) म्हणजे cos t, तर

```
x1(t) =   cos t - cos(√3·t)
x2(t) = 3·cos t + cos(√3·t)
```

तपासणी. t = 0 ला x1 = 0, x2 = 4, बरोबर. पण एवढ्यावर समाधान मानू नये, दुसरं डेरिव्हेटिव्हही बघावं. x1''(0) = -1 + 3 = 2. आणि स्प्रिंगकडून: मधली ४ ताणलीय, बल 1.5 × 4 = 6, भागिले ३, म्हणजे 2. जुळलं. x2''(0) = -3 - 3 = -6, आणि -1.5 × 4 = -6. हेही जुळलं. ही दुसरी तपासणी फार उपयोगी आहे कारण ती मूळ समीकरणाकडे परत जाते, लाप्लासमध्ये काय केलं त्याच्याशी तिचा संबंधच नाही.

सुरुवातीला वेग दिला असेल तर वरचा s जातो आणि 1/(s²+3) सारखं पद येतं, त्याचा उलटा ट्रान्सफॉर्म sin(√3t) भागिले √3. ते भागिले √३ नेहमी हरवतं. t = 0 चा वेग काढून बघितला की लगेच पकडलं जातं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. फायनल व्हॅल्यू थिअरम इथे लावायचा नाही. s·X1 मध्ये s ला शून्याकडे नेलं की शून्य येतं, आणि वाटतं की पहिलं वजन शेवटी शून्यावर येऊन थांबतं. ते थांबत नाही, डॅम्पिंगच नाही तर थांबेल कसं. पोल काल्पनिक अक्षावर आहेत तिथे तो थिअरम चालतच नाही, पण गणित तक्रार करत नाही, गुपचूप शून्य देऊन टाकतं. इनिशियल व्हॅल्यूवाला मात्र बिनधास्त वापरावा: s खूप मोठा घेतला की s·X2 चारकडे जातं.

११ जून

आज अंशाकडे नीट बघितलं. u = -1 ठेवल्यावर अंशाची मॅट्रिक्स (ॲडजॉइंट) अशी होते:

```
u = -1:  | 0.5  1.5 |        u = -3:  | -1.5   1.5 |
         | 1.5  4.5 |                 |  1.5  -1.5 |
```

पहिलीत प्रत्येक कॉलम १ : ३ च्या प्रमाणात आहे, दुसरीत १ : -१. दोन्हींचे कॉलम एकमेकांचे पटीतले. हा योगायोग नाही. दोन बाय दोनमध्ये ॲडजॉइंटचा डिटर्मिनंट आणि Z चा डिटर्मिनंट एकच असतो, आणि पोलवर तो शून्य असतो, मग तिथे कॉलम पटीतले येणारच. भौतिक अर्थ असा की हळू मोडमध्ये (ω = १) दोन्ही वजनं एकाच बाजूला जातात आणि बाहेरचं तिप्पट जातं, वेगवान मोडमध्ये (ω = √३) दोघं सारखीच हलतात पण उलट दिशेने. वरच्या उत्तरात हेच आलंय बघा, cos t चे सहगुणक १ आणि ३, cos(√3t) चे -१ आणि १. आयगनव्हेक्टर वेगळे न काढता मोड हातात आले. आणि तपासणी म्हणूनही मस्तच आहे, पार्शल फ्रॅक्शन झाल्यावर एका फ्रिक्वेन्सीचे दोन सहगुणक या प्रमाणात नसतील तर आकडेमोड परत करायची.

मग एक प्रयोग केला. सुरुवात मुद्दाम हळू मोडच्या आकारात केली, x1(0) = 1, x2(0) = 3, वेग शून्य. उजवी बाजू (3s, 3s):

```
X1 = s(3(s²+1.5) + 4.5) / (3(s²+1)(s²+3)) = 3s(s²+3) / (3(s²+1)(s²+3)) = s/(s²+1)
```

s²+3 हा फॅक्टर वरून खालून पूर्ण कटला! वेगवान मोड उठलाच नाही. X2 मध्येही तेच होतं, 3s/(s²+1) उरतं.

आणि ५ तारखेच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. उजवीकडचा तो ३ न लिहिता (s, 3s) ठेवून बघितलं, तर X1 चा अंश s(s²+6) येतो, काहीच कटत नाही, आणि s·X1 मोठ्या s ला १ ऐवजी १/३ कडे जातं. म्हणजे गणित म्हणतंय की वजन १ सेंटीमीटरवरून सोडलंच नव्हतं. पार्टनरला हे दाखवल्यावर त्याने वहीत M भोवती लाल गोल काढला.

१४ जून

आता बाहेरून बल. दोन्ही वजनं शांत, आणि पहिल्यावर 0.06·sin ωt न्यूटनचं बल. सुरुवातीच्या किमती शून्य, म्हणून उजवी बाजू नुसती (F, 0), आणि Z⁻¹ चा पहिला कॉलम पुरतो. X1 च्या अंशात s²+1.5 आहे. बलाच्या ट्रान्सफॉर्ममध्ये खाली s²+ω² असतं. ω² = 1.5 घेतलं (ω साधारण १.२२५) तर दोघं कटतात.

पुस्तकी भाषेत हा व्हायब्रेशन ॲब्सॉर्बर: बाहेरचं छोटं वजन आणि त्याची स्प्रिंग स्वतःच्या फ्रिक्वेन्सीने हलते (1.5 भागिले 1 चं वर्गमूळ) आणि मोठं वजन स्थिर राहतं. नुसतं मोठं वजन आणि पहिली स्प्रिंग असती तर याच बलाने स्थिर अवस्थेत ते ४ सेंटीमीटर हललं असतं, 0.06/(6 - 4.5) = 0.04 मीटर.

पण आपण इन्व्हर्स पूर्ण केलंय, तर उत्तर पूर्ण लिहू:

```
X1 = 0.06·ω / (3(s²+1)(s²+3))

x1(t) = 1.22·sin t - 0.71·sin(√3·t)                     (सेंमी)
x2(t) = 3.67·sin t + 0.71·sin(√3·t) - 4.00·sin(1.225·t)  (सेंमी)
```

गंमत बघा. x1 मध्ये बलाची फ्रिक्वेन्सी अजिबात नाही, तेवढं पुस्तकातलं खरं. पण वजन स्थिर नाहीये! बल सुरू झाल्यावर दोन्ही नॅचरल फ्रिक्वेन्सी उठल्यात, आणि डॅम्पिंग नसल्यामुळे त्या कायम राहतात. "मोठं वजन स्थिर राहतं" हे वाक्य स्थिर अवस्थेचं आहे, आणि आपल्या सिस्टीमला स्थिर अवस्था कधी येतच नाही. नुसतं sin ωt चं उत्तर धरून सोडवणाऱ्या पद्धतीत हा भाग दिसतच नाही, लाप्लासमध्ये लपवता येत नाही कारण छेदाचे फॅक्टर समोर उभे असतात.

तपासणी: sin t चे सहगुणक १.२२ आणि ३.६७, म्हणजे १ : ३. sin(√3t) चे -०.७१ आणि ०.७१. मोड जुळले. आणि x2 मधले ते ४.०० सेंटीमीटर गुणिले मधल्या स्प्रिंगचे १.५ म्हणजे 0.06 न्यूटन, चिन्ह उलटं. मधली स्प्रिंग बाहेरच्या बलाला तंतोतंत खोडते, म्हणून त्या फ्रिक्वेन्सीला मोठं वजन हलत नाही. हे आकड्यात बघितल्यावर मला तरी ॲब्सॉर्बर पहिल्यांदा नीट पटला.

१५ जून

कालचं पुढे. भिंत आणि मोठं वजन यांच्यामध्ये हलकासा डॅम्पर टाकला, ०.३ न्यूटन-सेकंद प्रति मीटर. Z चा फक्त पहिला खाना बदलतो, 3s²+0.3s+7.5. डिटर्मिनंट:

```
3s⁴ + 0.3s³ + 12s² + 0.45s + 9
```

आता s² = u वाली युक्ती गेली, विषम घात आलेत. हातानं फॅक्टर पाडायचा नाद सोडला आणि मशीनला दिलं:

```python
import numpy as np
print(np.roots([3, 0.3, 12, 0.45, 9]))
```

मुळं साधारण -0.0125 ± 1.00j आणि -0.0375 ± 1.73j. मुळांशिवायही हा अंदाज येतो, प्रत्येक मोडमध्ये डॅम्परवर किती हालचाल पडते त्यावरून: हळू मोडमध्ये 0.3·1² भागिले 2·(3·1² + 1·3²) म्हणजे 0.3/24 = 0.0125, वेगवानमध्ये 0.3/8 = 0.0375. हे अंदाजे आहे, डॅम्पिंग कमी असेपर्यंतच चालतं.

हळू मोडचा टाइम कॉन्स्टंट १/०.०१२५, म्हणजे ८० सेकंद. तो ५ टक्क्यांवर यायला साधारण तीन टाइम कॉन्स्टंट, चार मिनिटं. एवढा वेळ मोठं वजन झुलत राहणार आणि मगच ॲब्सॉर्बरचं "स्थिर" दिसणार. डेमोमध्ये दहा सेकंदांत कोणी म्हणालं की हे चालत नाही, तर त्याचं चुकलेलं नाही.

आता डॅम्पर कुठे लावलाय हे महत्त्वाचं. भिंतीकडे लावला तर इन्व्हर्समधल्या पहिल्या खान्याचा अंश s²+1.5 तसाच राहतो, कारण तो फक्त दुसऱ्या वजनाच्या खान्यातून येतो. म्हणून शून्य पक्कं काल्पनिक अक्षावर. तोच डॅम्पर दोन वजनांच्या मध्ये लावला तर चारही खान्यांत s येतो, अंश s²+0.3s+1.5 होतो, तो कुठल्याही खऱ्या फ्रिक्वेन्सीला शून्य होत नाही, आणि मोठं वजन कधीच पूर्ण थांबत नाही. एकच डॅम्पर, जागा बदलली की उत्तराचा स्वभाव बदलला, आणि हे उत्तर न काढता नुसता अंश बघून कळतं.

१९ जून

सगळं कोडमध्ये उतरवलं. इन्व्हर्स सिम्बॉलिकमध्ये:

```python
from sympy import symbols, Matrix, Rational, factor
s = symbols('s')
h = Rational(3, 2)
Z = Matrix([[3*s**2 + 5*h, -h], [-h, s**2 + h]])
print(factor(Z.det()))   # 3*(s**2 + 1)*(s**2 + 3)
print((Z.adjugate()/Z.det()).applyfunc(factor))
```

१.५ च्या जागी अपूर्णांक मुद्दाम टाकलाय. दशांश दिले की सहगुणक दशांशात येतात, आणि ११ तारखेला झालं तसं फॅक्टर कटणं मग राउंडिंगच्या भरवशावर राहतं. जो फॅक्टर कटायला हवा तो न कटता त्याच्यासमोर 1e-16 सारखा सहगुणक उरला तर मोड खरंच उठलाय की नुसती राउंडिंगची घाण आहे हे ओळखायला वेगळं डोकं लावावं लागतं.

दुसरीकडून पडताळा म्हणून मूळ समीकरणं थेट `solve_ivp` ला दिली, ८ तारखेची केस. t = π ला सूत्राने x1 = -1.666, x2 = -2.334 येतं. डिफॉल्ट `rtol` 1e-3 आहे, तेवढ्यावर लांब वेळ चालवलं तर ॲम्प्लिट्यूड हळूहळू सरकायला लागतो आणि सूत्रात काहीतरी चुकलंय असं वाटतं. `rtol=1e-9` करून तुलना करायची.

तीन वजनांचं करावं का यावर पार्टनरशी बोलणं झालं. माझं मत नको. तीन बाय तीनचा इन्व्हर्स हातानं निघतो, पण डिटर्मिनंट s² मध्ये घन होतो आणि मुळं आकड्यातच काढायला लागतात, आणि एकदा आकड्यात गेलो की सरळ आयगनव्हॅल्यूचा प्रॉब्लेम सोडवणं जास्त भरवशाचं, कारण वजनं वाढली की डिटर्मिनंट उलगडून त्याची मुळं काढण्यात सहगुणकाच्या बारीक चुकीनेही मुळं बरीच हलू शकतात. इन्व्हर्सचा फायदा दोन वजनांपुरता, जिथे अंश डोळ्यांनी वाचता येतो. रिपोर्टमध्ये दोनच ठेवतोय, डॅम्परच्या दोन जागांचे दोन ग्राफ शेजारी-शेजारी, चार मिनिटांपर्यंतचे.